वैशाखासाठी ठेवलेली वैरण

कलाबाईच्या गोठ्यात चार म्हशी होत्या, आणि वर्षाच्या कोणत्या दिवशी त्यांच्या गव्हाणीत काय पडणार, हे तिला सहा महिने आधी ठाऊक असे. कोसाडच्या शिवारात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. लोक आधी हसले, मग विचारायला येऊ लागले. पण हे सगळं नंतरचं. त्याच्या आधी एक वाईट उन्हाळा होऊन गेला होता.

बेटावदकडची ही बाई लग्न होऊन सुरतेला आली ती लिंबायतच्या एका खोलीत. नवरा गणपत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करायचा. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान लवकर गेले, म्हणून तिला त्याच्याशी मोठ्याने बोलायची सवय लागली ती कायमची. खोली मिळवून दिली होती सुभद्राबाईने. सुभद्राबाई त्याच गल्लीत राहायची, धुळ्याकडची, कलाबाईपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी आणि तरणेपणीच विधवा झालेली. कलाबाई तिला ‘जिजी’ म्हणायची. मुलगी चंचल जन्मली ती या जिजीच्या हातांवर. बाहेर पाऊस धो धो, गल्लीत गुडघाभर पाणी, रिक्षा मिळेना. तेव्हा सुभद्राबाईने चूल पेटवली, पाणी तापवलं आणि पहाटे मूल कलाबाईच्या कुशीत दिलं. पुढे सुभद्राबाईने कोसाडला उंचवट्यावरचा एक तुकडा घेऊन म्हशी पाळल्या, तेव्हा कलाबाईलाही तिनेच बोलावलं. आपल्या सुरती म्हशीची पहिली पारडी तिने कलाबाईला दिली. “वाढव. तुना गोठा हिच्यावर उभा राही,” असं म्हणाली. आणि तसंच झालं.

कलाबाईला जमीन मिळाली ती एका पटेलाची. तीन विघे, म्हणजे तिकडचे बिघे, नाल्याच्या खालच्या अंगाला. पटेलाची मुलं परदेशात गेली होती आणि त्याला शेतावर कुणीतरी राहायला हवं होतं. “पाच-सात वरस कोई पूछवानुं नथी,” कुणी विचारायला येणार नाही, असं तो म्हणाला आणि तेवढ्यावर गणपत-कलाबाईने तिथे पत्र्याचं घर बांधलं. गणपत सायकलवर कामाला जायचा आणि कलाबाई म्हशी सांभाळायची.

त्या मुलखात हिवाळ्यात वैरणीची चिंता नसे. चलथाणचा साखर कारखाना सुरू झाला की आसपास ऊसतोड सुरू व्हायची. तोडणीला खानदेशातलीच माणसं यायची, त्यांच्यात कुणी ना कुणी ओळखीचं निघायचं, आणि उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, डोक्यावर नाही तर सायकलला बांधून आणता यायचं. भाताचा पेंढाही असायचा. पण चैत्रात कारखाना बंद झाला की वाढं संपायचं. पेंढ्याची गंजी खाली बसायची. वैशाख, ज्येष्ठ आणि आषाढाचा पहिला पंधरवडा म्हणजे अडीच महिने शिवारात चरायला काही नसे. पाऊस पडला तरी बांधावरचं गवत कापण्याजोगं व्हायला तीन-चार आठवडे जायचे, आणि ते पहिलं गवत म्हणजे नुसतं पाणी.

१९९५ च्या उन्हाळ्यात कलाबाईच्या दोन म्हशी आटल्या. तिसरी सातव्या महिन्यात गाभडली. सकाळी दावणीपाशी ते मेलेलं रेडकू पडलेलं होतं आणि म्हैस त्याला चाटत उभी होती. कलाबाईने त्या दिवशी घराच्या आडोशाचा जुना पेंढा ओढून काढला, पाण्यात भिजवला, त्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हशींपुढे ठेवला. म्हशींनी तोंड लावलं आणि बाजूला केलं. ती तिथेच खाली बसून राहिली.

दूधमंडळीकडे चाऱ्याचं काम पाहणारे एक प्रभाकरभाई यायचे. मूळचे नाशिककडचे, सावकाश बोलणारे. मंडळीत दुधाची रांग लागली की ते ओसरीवर बसून बायकांशी बोलायचे. ऐकायचं कुणी नाही. त्या वर्षी कलाबाईने ऐकलं.

“तुम्ही म्हशीला जे मिळेल ते घालता,” ते म्हणाले. “मिळणं बंद झालं की हात टेकता. आधी उलटा हिशेब मांडा. कोणत्या महिन्यात काय नाही ते काढा, आणि ते त्याच्या आधी कधी पेरलं तर त्या महिन्यात हाती येईल ते बघा.”

“मला लिहिता येत नाही साहेब.”

“डोक्यात तर ठेवता येतं.”

डोक्यात काही राहीना. म्हणून तिने गणपतला मागावरच्या वाया जाणाऱ्या रंगीत सुताच्या गुंड्या आणायला सांगितल्या. एका फळीवर बारा खिळे ठोकले, चैत्र ते फाल्गुन. वाढ्याचं पिवळं सूत तिने कार्तिकाच्या खिळ्यापासून फाल्गुनापर्यंत ताणलं. पेंढ्याचं पांढरं मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत. बांधावरच्या गवताचं एक सूत श्रावणापासून आश्विनापर्यंत. मग लांब उभी राहून पाहिलं. वैशाख, ज्येष्ठ आणि आषाढ हे तीन खिळे उघडे होते. गणपतने ते पाहिलं आणि म्हणाला, “हा तर गाळा पडलेला माग.” ज्याच्या कानांत मागच बसला होता त्याला दुसरं काय सुचणार.

त्या पावसाळ्यात तिने दीड विघ्यात गजराज गवत लावलं. प्रभाकरभाईंनी कांड्या आणून दिल्या. दोन-दोन डोळ्यांचे तुकडे, तीन फुटांच्या सरीवर तिरपे, एक डोळा मातीत आणि एक वर. पहिल्या पावसाळ्यात सऱ्यांच्या मधल्या जागेत चवळी पेरली, म्हणजे तणही कमी आणि म्हशींना कसदार पाला. गजराजाचं वैशिष्ट्य असं की एकदा लावलं की चार-पाच वर्षं तेच ठोंब फुटत राहतं. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, नंतर दर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. पण कापताना चार बोटं ठोंब खाली ठेवायचं. लोभाने मातीला लागून कापलं की फुटवा मरतो. आणि दर कापणीनंतर शेणखत आणि पाणी, नाहीतर दुसऱ्या वर्षी गवताच्या जागी काड्या उरतात.

“पण नुसत्या गजराजावर भागायचं नाही,” प्रभाकरभाईंनी सांगितलं. “गवत पोट भरतं. दूध आणि फॅट द्यायला पाल्याची जोड पाहिजे. दोन भारे गवत असेल तर एक भारा द्विदल.”

म्हणून दिवाळीच्या आधी तिने नाल्यापासून लांब, पाणी न साचणाऱ्या तुकड्यात लसूणघास पेरला, ज्याला तिथे सगळे रजको म्हणत. दोन महिन्यांनी पहिली कापणी, मग दर महिन्याला एक, थेट चैत्रापर्यंत. दवात ओला रजको म्हशीला घातला तर पोट फुगतं, म्हणून ती उन्हं वर आल्यावरच कापायची आणि थोडा सुकवून, पेंढ्यात मिसळून घालायची. बांधावर दशरथ घास लावला, कुंपणाला सुबाभूळ. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की पहिलं पाणी रजक्याला, मग गजराजाला.

१९९६ चा उन्हाळा आधीच्यापेक्षा बराच बरा गेला. एकही म्हैस आटली नाही. पण सुबाभूळ अजून गुडघ्याएवढी होती, कालव्याची पाळी लांबली, रजक्याने उन्हात मान टाकली आणि गजराजाच्या कापण्या पातळ पडल्या. ज्येष्ठात पुन्हा हात आखडावा लागला. तिच्या फळीवर आता हिरवं सूत वैशाखापासून आषाढापर्यंत होतं खरं, पण ते तिने सैल बांधलं होतं. मनातून तिला कळलं होतं की उन्हाळ्यातलं हिरवं उन्हाळ्यात पुरणार नाही. पावसाळ्यातलं हिरवं उन्हाळ्यापर्यंत न्यायला हवं. म्हणजे मुरघास, हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा.

मुरघासाला खड्डा लागतो, आणि खड्ड्याला अशी जागा लागते जिथे पावसाळ्यात खालून पाणी झिरपत नाही. कलाबाईची जमीन नाल्याच्या अंगाला. हातभर खणलं की ओल. शेजारचा शालिग्राम, गणपतबरोबर मागावर काम करणारा, त्याची तर आणखी खाली. उंचवटा होता तो सुभद्राबाईचा.

तिघांनी मिळून ठरवलं. कलाबाईच्या चार म्हशी, सुभद्राबाईच्या तीन, शालिग्रामच्या दोन. नऊ म्हशींना रोज बारा-बारा किलो, साठ दिवस. प्रभाकरभाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, पंधरा फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल. कलाबाईने आपल्या उरलेल्या तुकड्यात आणि शालिग्रामच्या शेतात चाऱ्याची ज्वारी पेरायची, सगळ्यांनी मिळून भरायचं, आणि खड्डा सुभद्राबाईच्या दारासमोर.

“खड्डा मी संभाळस,” सुभद्राबाई म्हणाली. “मनं दार समोरच शे. तुम्ही शेत पहा.”

ज्वारी आषाढात पेरली आणि नवरात्राच्या आधी, दाण्यात दूध भरलं तेव्हा कापली. मंडळीचं कुट्टीयंत्र दोन दिवसांसाठी आणलं. शालिग्राम चाक फिरवायचा, गणपत पेंढ्या द्यायचा, आणि कलाबाई व सुभद्राबाई साडीचा ओचा खोचून खड्ड्यात उतरून तुडवायच्या. वीतभर थर पडला की तुडव, पुन्हा थर, पुन्हा तुडव. हवा राहता कामा नये. हवा राहिली की मुरत नाही, सडतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघी पोटऱ्यांपर्यंत हिरव्या झाल्या होत्या आणि सुभद्राबाई हसत म्हणाली, “हाई तं आपण लगनना मांडव तुडवी राहिनूत.” खड्डा जमिनीच्या वर दोन फूट घुमटासारखा आला. त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर पेंढा, पेंढ्यावर माती, आणि मातीवर शेणाचा लेप.

कलाबाईने सगळ्यांना बजावून सांगितलं. दीड-दोन महिन्यांत तयार होईल, पण आपण उघडायचं ते अक्षय्यतृतीयेनंतर. तोवर कुणी प्लास्टिक उचलून बघायचंसुद्धा नाही. एकदा उघडलं की एका बाजूने रोज वरपासून खालपर्यंत एक काप काढायचा आणि लगेच झाकायचं. मध्ये हात घातला की सगळं गेलं.

“माले काय सांगस,” सुभद्राबाई म्हणाली, “मी पहारा करस.”

त्या हिवाळ्याएवढा समाधानाचा हिवाळा कलाबाईने पाहिला नव्हता. वाढं येत होतं, रजको कापणीला येत होता, गाभडलेली म्हैस पुन्हा व्याली आणि पारडी दिली. मंडळीत तिच्या दुधाचं फॅट पाहून लोक विचारायचे. फळीवरचे बारा खिळे भरले होते. वैशाखावरून आषाढापर्यंत तिने तपकिरी रंगाचं सूत घट्ट ओढून बांधलं होतं, मुरघासाचं. रोज चूल पेटवताना ते दिसायचं आणि तिला बरं वाटायचं.

माघात एकदा ती सुभद्राबाईकडे हळदीकुंकवाला गेली तेव्हा तिला खड्डा मागच्या टोकाला बसल्यासारखा वाटला. घुमट पुढे उंच, मागे उतरता.

“जिजी, मागनं खाली गेलं का?”

“दबस ना ते आपोआप,” सुभद्राबाई म्हणाली. “तूच सांगेल व्हतं, मुरस तसं बसस.”

ते खरंच होतं. मुरघास बसतो. तरी कलाबाई वळून दोन पावलं गेली. सुभद्राबाईने तिचा दंड धरला.

“उघडू नको माय. हवा गयी का सडी जाई. तूच सांगेल शे ना माले?”

कलाबाईला आपलीच शिकवण आठवली आणि थोडी लाज वाटली. ती कुंकू लावून परत आली.

फाल्गुनात शालिग्राम तिच्याकडे आला. तो कमी बोलणारा माणूस, दारातच उभा राहिला. “वहिनी, सकाळी पाळीवरून येताना दोनदा टेम्पो पाहिला. जिजीच्या दारात. पोती भरत होते.”

“भूपेंद्रचा असेल,” कलाबाई म्हणाली. भूपेंद्र सुभद्राबाईचा मुलगा. आधी कापडाच्या बाजारात गाठोडी वाहायचा, आता कामरेजच्या बाजूला त्याने कुणाच्या तरी भागीदारीत तबेला टाकला होता. “शेणखत नेत असेल.”

“शेणखताला असा वास येत नाही. आंबट वास होता.”

कलाबाईने भांडं खाली ठेवलं. “शालिग्राम, त्या बाईने माझी पोर आपल्या हाताने जगात आणली. मला पारडी दिली तिने. तू तिच्यावर शंका घेतोस ते मला ऐकवत नाही. खड्ड्याची जबाबदारी माझी. तिथे तुझ्या वाट्याला काडी कमी पडली तर माझ्या गव्हाणीतून ने.”

शालिग्राम मान हलवून गेला. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

चैत्रात कारखान्याचा भोंगा बंद झाला. पेंढ्याची गंजी उतरली. रजक्याची शेवटची कापणी पातळ आली. यंदा मात्र कलाबाईला घाई नव्हती. अक्षय्यतृतीया झाली, त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती, गणपत आणि शालिग्राम टोपल्या घेऊन उंचवट्यावर गेले. सुभद्राबाईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, “आज? आजून आठ दिवस थांबतात तं...”

“गोठ्यात काही नही जिजी,” कलाबाई म्हणाली.

पुढच्या टोकाची माती त्यांनी ओढली, पेंढा बाजूला केला, प्लास्टिक दुमडलं. आंबट ताकासारखा वास आला. पिवळसर हिरवी कुट्टी, ओंजळीत घेतली तर मऊ आणि ओलसर. कलाबाईने ती नाकाशी धरली आणि तिचे डोळे भरून आले. “बघा,” ती गणपतला म्हणाली, मोठ्याने, त्याला ऐकू जावं म्हणून. “बघा, जमलं.”

शालिग्रामने फावड्याने उभा काप काढायला सुरुवात केली. दीड-दोन हात आत गेल्यावर कुट्टी काळी लागली. मग बुरशीची पांढरी जाळी. मग फावडं एका कोरड्या गोष्टीत रुतलं. त्याने ओढलं तर भाताचा पेंढा आला. पेंढ्याच्या मागे माती. भुसभुशीत, नुकती भरलेली माती.

शालिग्राम मागच्या टोकाला गेला आणि वरून माती काढू लागला. प्लास्टिक तिथे कापलेलं होतं, आणि खाली मातीच माती. त्याने तीन ठिकाणी खणलं. तीनही ठिकाणी तेच. मग त्याने फावडं टाकलं आणि कलाबाईकडे पाहिलं. फाल्गुनातल्या बोलण्याची आठवण त्याने करून दिली नाही. तिला ते जास्त लागलं.

सुभद्राबाई ओट्यावर बसली होती. कलाबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. पाय अजून कुट्टीने माखलेले होते.

“जिजी, हाई काय शे?”

सुभद्राबाईने वर पाहिलं नाही. “भूपेंद्रन्या सात म्हशी. कर्ज काढीसन लियेल. संक्रांतीनंतर त्याना चारा संपना. वाढं तेवढं दूर जास नही.” मग ती म्हणाली, “मी माय शे त्यानी.”

“मंग माले सांगती. एक शब्द सांगती तं मी गजराज कापीसन देती. तोड करती.”

“तू मोजती,” सुभद्राबाई म्हणाली. आता तिने वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर थोडा रागच होता. “तू सांगती, येवढं ले, तेवढं ठेव. तुनं सगळं मोजीसन ऱ्हास. मना पोऱ्याले तेवढं पुरतं नही.”

“माती तू भरी?”

सुभद्राबाईने खड्ड्याच्या मागच्या टोकाकडे पाहिलं.

“जिजी, माती तू भरी का भूपेंद्रनी?”

“मी,” ती म्हणाली. “खाली बसी जाय व्हती. तुले दिसती.”

कलाबाईला राग आला तो या उत्तराने. चारा गेला, ते एक वेळ समजलं असतं. मुलासाठी आईने काय केलं नसतं. पण सुभद्राबाई रोज थोडी माती भरत होती, घुमट दिसावा म्हणून. आणि कलाबाई हळदीकुंकवाला आली तेव्हा तिचा दंड धरून, तिचेच शब्द तिला ऐकवत होती. हवा जाईल, सडेल. ती ओट्याच्या पायरीवर बसली नाही, पाणी घेतलं नाही. गणपतला काही नीट ऐकू आलं नव्हतं, तो विचारत राहिला, “काय म्हणते? काय म्हणते ती?” घरी जाईपर्यंत तिने त्याला उत्तर दिलं नाही.

खड्ड्यात चांगलं निघालं ते दहा दिवस पुरेल एवढं. बुरशी आलेलं म्हशीला घालणं धोक्याचं, ते तिने उकिरड्यावर टाकलं. उरलेल्याचे तिने तीन वाटे केले. सुभद्राबाईचाही वाटा काढला, कारण तिच्या दारच्या तीन म्हशींनी काही केलं नव्हतं. तो वाटा तिने शालिग्रामच्या हातून पाठवला.

त्यानंतरचे दोन महिने तिने ज्या हिशेबाने काढले, त्याची प्रभाकरभाई पुढे कितीतरी ठिकाणी उदाहरण म्हणून गोष्ट सांगत. गजराजाचे तिने सहा पट्टे पाडले आणि रोज एकाच पट्ट्याचा थोडा भाग कापायला लागली, म्हणजे शेवटचा पट्टा संपेपर्यंत पहिला पुन्हा गुडघ्यावर येईल. कालव्याचं पाणी मिळेल तितकं गजराजाला दिलं, त्यासाठी चवळीचा एक तुकडा पाण्यावाचून वाळू दिला. सुबाभळीच्या फांद्या आता पुरुषभर झाल्या होत्या. त्यांचा पाला रोज तोडला, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कधी घातला नाही, जास्त झाला तर जनावराचे केस झडतात. बाकी पेंढा भिजवून, मिसळून. हे सगळं सहा म्हशींना. चार तिच्या आणि दोन शालिग्रामच्या. शालिग्रामने नको म्हटलं. ती म्हणाली, “मी शब्द दिला होता.”

पहिला पाऊस जूनच्या अखेरीस पडला. शालिग्रामने यंदाची ज्वारी लवकर पेरली होती, ती दहा-बारा दिवसांत पोटरीएवढी झाली. मग पाऊस ओढला. एका सकाळी कलाबाईने पाहिलं तर शालिग्राम विळा घेऊन त्या ज्वारीत उभा होता आणि बांधावर एक भारा बांधलेला होता. ती नाल्यातून धावत गेली.

“घातलीस का म्हशीला?”

“अजून नाही. किती दिवस तुझ्यावर जगू, वहिनी?”

“ही कोवळी ज्वारी, पाण्याविना सुकत चाललेली. विष असतं हिच्यात. तासाभरात म्हैस आडवी होईल.” तिने भारा उचलून नाल्यात फेकला. “दिवाळीपर्यंत माझ्याच गव्हाणीतून ने, पण ही नको.”

शालिग्राम बांधावर बसला. विळा खाली ठेवून म्हणाला, “मी तुला फाल्गुनात सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस.”

“त्या दिवशी जाऊन बघितलं असतं तर अर्धं तरी वाचलं असतं.”

“हो,” ती म्हणाली.

तेवढंच. त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं आणि तिला ते ऐकणं भाग होतं. दोघं मिळून परत आले आणि सुबाभूळ तोडली.

त्या उन्हाळ्यात कलाबाईची एक म्हैस, पारडीपासून वाढवलेली, जिजीने दिलेल्या पारडीची लेक, आटली. बाकीच्या टिकल्या. पुढच्या पावसाळ्यात ती खड्ड्याच्या नादी लागली नाही. प्रभाकरभाईंना विचारलं, जमिनीच्या वर मुरवता येतं का. ते म्हणाले येतं, नीट तुडवलं आणि झाकलं तर. मग तिने आपल्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मातीचा हातभर ओटा भरून घेतला, त्यावर दोन बाजूंना फळ्या लावल्या आणि तिथे लहानसा ढीग रचला. शालिग्रामने आपल्या दारी आपला रचला. दोघांनी एकमेकांना तुडवायला मदत केली, पण ढीग वेगळे. वेगळ्या ढिगांत काठाचं जास्त वाया जातं, हे तिला माहीत होतं. एकाच मोठ्या खड्ड्यात कमी नासतं. तेवढं नासलेलं तिने पत्करलं.

वर्षभराने भूपेंद्रचा तबेला बंद पडला. भागीदाराने म्हशी नेल्या आणि भूपेंद्र पुन्हा बाजारात गाठोडी वाहू लागला. ज्येष्ठात एका सकाळी कलाबाई गजराज कापत होती तेव्हा तिला शेजारच्या सरीत विळ्याचा आवाज आला. सुभद्राबाई. वाकून गवत कापत होती, चार बोटं ठोंब ठेवून, जसं कलाबाईने कधी काळी शिकवलं होतं तसं. केस फार पांढरे झाले होते. दोघी आपापल्या सरीत कापत पुढे सरकत राहिल्या. ऊन चढलं.

सरीच्या टोकाला सुभद्राबाईने आपलं कापलेलं गवत कलाबाईच्या ढिगावर आणून टाकलं आणि उभी राहिली.

“मनी एकच म्हैस राहिनी,” ती म्हणाली. “तीन दिवस झाले, पेंढाच खास.”

कलाबाईने एक भारा बांधला. गजराज, त्यात सुबाभळीच्या फांद्या. नेहमीच्या मापाने, न कमी न जास्त. सुभद्राबाईच्या डोक्यावर तो ठेवताना दोघींचे हात एकमेकींना लागले.

“उद्या ये,” कलाबाई म्हणाली. “पाऊस पडेपर्यंत रोज ये.”

सुभद्राबाई भारा डोक्यावर घेऊन थोडी थांबली. माठ ओसरीत होता, तिच्यापासून दहा पावलांवर. लिंबायतच्या खोलीपासून वीस वर्षं ती कलाबाईच्या घरात कधी विचारून पाणी प्यायली नव्हती. तिने माठाकडे पाहिलं, मग कलाबाईकडे. कलाबाईने विळा उचलला आणि पुढच्या सरीत वाकली.

सुभद्राबाई आषाढ लागेपर्यंत रोज आली. रोज कापू लागली, रोज भारा घेऊन गेली. दोघींत बोलणं झालं ते गवताचं, पाण्याच्या पाळीचं, म्हशीच्या कासेचं. पाऊस नीट बसल्यावर ती यायची थांबली, आणि कलाबाईने तिची चौकशी केली नाही. पण आणखी किती तरी दिवस, सकाळी गवत कापताना शेजारच्या सरीतून विळ्याचा आवाज येत नाही म्हणून ती मध्येच थांबायची, आणि आपण थांबलोय हे लक्षात आलं की स्वतःवरच चिडून भरभर कापायला लागायची.